आधीं स्वस्थता कीं आधीं काम?

प्रातःप्रार्थनेंत शास्त्रपाठ वाचावयाची पाळी आली, वक्तृत्वाची स्पर्धा जवळ आली, किंवा तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला, म्हणजे आमच्या शाळेंत एक वाक्य हमखास ऐकूं येतें : "सर, आज नको, जरा मन स्वस्थ झालें म्हणजे मी नक्की वाचीन." हें बोलणारा विद्यार्थी खोटें बोलत नसतो आणि आळशीही नसतो. त्याची प्रामाणिक समजूत अशी असते कीं, मनाचा एक क्रम ठरलेला आहे. आधीं भीति जावी, मग धैर्य यावें आणि त्यानंतर काम करावें. पालकांची समजूत बहुधा हीच असते, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ वर्षें माझीही हीच होती. हा क्रम उलटा आहे असें ज्या एका जपानी वैद्यानें स्वतःच्या अनुभवावरून ओळखलें, त्याची हकीकत व त्याच्या विचाराचा आमच्याच शाळेंतील एका मुलीच्या बाबतींत झालेला उपयोग, या दोन गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

जपानांत शिकोकु नांवाचें बेट आहे. त्यावरील कोचि प्रांतांत १८७४ सालीं शोमा मोरिता यांचा जन्म झाला. हा मुलगा बुद्धिमान पण फार भित्रा होता. लहानपणीं एका देवळांत त्यानें नरकयातनांचें चित्र पाहिलें, तेव्हांपासून मृत्यूच्या विचारानें त्याची झोप उडूं लागली. पुढें तरुणपणीं छातींत धडधड, डोकेदुखी, थकवा अशा नाना तक्रारी सुरू झाल्या. टोकियोच्या विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास करीत असतां डॉक्टरांनीं मज्जातंतूंच्या दौर्बल्याचें निदान केलें, औषधें दिलीं, आणि मोरितांचें सारें लक्ष प्रकृतीवर खिळून राहिलें. अभ्यास मागें पडला. परीक्षा तोंडावर आली. अशा वेळीं घरून यावयाचे पैसे येईनासे झाले. वडिलांनीं आपणांस टाकलें असें वाटून हा तरुण इतका संतापला कीं, आतां मेलों तरी बेहत्तर असें म्हणून त्यानें औषधें बंद केलीं आणि रात्रंदिवस पुस्तकें घेऊन बसला. छाती धडधडत होतीच. परंतु परीक्षा चांगल्या रीतीनें पार पडली, आणि नंतर पाहतो तों ज्या दुखण्यांची इतके दिवस जोपासना केली होती तीं जवळजवळ नाहींशीं झालेलीं!

हा प्रकार रागाच्या भरांत घडला. तो अनुकरणीय आहे असें मी म्हणत नाहीं, आणि चालू औषध आपल्या मनानें टाकून देणें हें तर कोणीच करूं नये. पण मोरिता पुढें मनोविकारांचे वैद्य झाले, तेव्हां ही गोष्ट त्यांच्या मनांत घोळत राहिली. त्या काळीं अशा रोग्यांवर मोहनिद्रा, दीर्घ विश्रांति, युक्तिवादानें समजूत घालणें असे उपाय पाश्चात्य देशांत चालत. ते सर्व त्यांनीं प्रामाणिकपणें करून पाहिले. थोडा गुण येई आणि पुनः मागचीच स्थिति होई. पुढें १९१९ च्या सुमारास त्यांच्या परिचयाची एक परिचारिका, जी बरेच दिवस अशाच विकारानें पीडित होती, ती त्यांच्या घरीं राहावयास आली. घरांतील लहानमोठीं कामें करतां करतां ती बरी झाली. तेव्हांपासून मोरितांनीं रोग्यांस आपल्या घरींच ठेवून घेण्यास आरंभ केला, आणि त्यांतून त्यांची स्वतंत्र उपचारपद्धति तयार झाली. ते १९३८ सालीं वारले. पद्धति मात्र जपानांत अद्याप चालू आहे.

त्यांचें मुख्य म्हणणें समजण्यास भीतीच्या वेळीं शरीरांत काय घडतें तें पाहिलें पाहिजे. संकटाची चाहूल लागतांच, मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणें बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. हृदय जलद चालूं लागतें, श्वास वाढतो, आणि रक्त कातडीकडून व पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतें. म्हणून हात गार पडतात, पोटांत कालवाकालव होते, तोंडाला कोरड पडते. ही सारी तयारी पळण्याची किंवा झुंजण्याची होय. स्तोत्र वाचण्याच्या कामीं तिचा उपयोग नाहीं, पण निरोगी मुलाला तिजपासून अपायही नाहीं. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या क्रिया आपल्या इच्छेच्या ताब्यांत नाहींत. "हृदया, सावकाश चाल" अशी आज्ञा केल्यानें हृदय सावकाश चालत नाहीं. हात, पाय व जीभ यांची गोष्ट वेगळी. छाती धडधडत असतांही पाय पुढें टाकतां येतो, पुस्तक उघडतां येतें, पहिलें वाक्य वाचतां येतें. जें आपल्या ताब्यांत नाहीं तें ताब्यांत आणण्याच्या खटपटींत मनुष्य जें ताब्यांत आहे तेंही करावयाचें सोडून देतो, हें मोरितांनीं पाहिलें.

ती खटपट भीतीला कमी न करतां उलट वाढविते, आणि त्याचें कारण अगदीं साधें आहे. वाचकहो, हा लेख वाचीत असतां आपल्या मानेला सदऱ्याची पट्टी लागते आहे याचें भान आपणांस नव्हतें; आतां मीं सांगितल्याबरोबर तें आलें, आणि क्षणभर लक्ष तेथेंच ठेवलें तर ती पट्टी टोंचूंही लागेल. पट्टी बदलली नाहीं, लक्ष बदललें. धडधडीचें असेंच आहे. तिच्याकडे लक्ष गेलें म्हणजे ती मोठी वाटते, मोठी वाटली म्हणजे भय वाटतें, भय वाटलें म्हणजे ती खरोखरच वाढते, आणि वाढली म्हणजे लक्ष अधिकच तिकडे ओढलें जातें. घाण्याला जुंपलेला बैल जसा फिरतो तसें मन या फेऱ्यांत फिरत राहतें. "मी शांत झालों कां?" असें दर मिनिटाला मनाला विचारणें म्हणजे त्या बैलाला पराणी लावणेंच होय.

दुसरा एक फेरा याहून घातक आहे. पाळी टळली कीं मुलाला एकदम मोकळें वाटतें. पोट दुखावयाचें थांबतें, चेहऱ्यावर रंग येतो, आणि आई म्हणते, "पाहा, बिचाऱ्याला खरेंच बरें नव्हतें." हें मोकळें वाटणें म्हणजे टाळण्याला मिळालेलें बक्षीस होय, आणि ज्या कृतीला बक्षीस मिळतें ती पुनः पुनः घडते, हें आम्हां शिक्षकांना कोणी सांगावयास नको. शिवाय टाळणाऱ्या मुलाला एक गोष्ट कधींच कळत नाहीं. ती ही कीं, तो उभा राहिला असता तर भीतीची लाट कांहीं वेळ चढून पुढें आपोआप उतरली असती. ती चढतांनाच तो किनाऱ्यावरून पळ काढतो, म्हणून ती उतरतांना त्यानें कधीं पाहिलेलीच नसते.

मोरितांचा उपचार याच दोन फेऱ्यांवर घाला घालणारा होता. रोग्यास पहिले चार ते सात दिवस एका खोलींत निजवून ठेवीत. वाचन नाहीं, संभाषण नाहीं, करमणूक नाहीं. विचार येतील ते येऊं द्यावयाचे, त्यांस हांकलावयाचें नाहीं. पहिल्या दिवशीं आराम वाटे. मग काळजी उसळून वर येई. तिच्याशीं झगडण्याचें साधन जवळ नसल्यामुळें ती हळूहळू ओसरे. आणि शेवटीं रोगी इतका कंटाळे कीं कांहींतरी काम द्या असें त्यालाच वाटूं लागे. मग बागेंत फिरणें, पालापाचोळा गोळा करणें यांसारखीं हलकीं कामें; त्यानंतर लांकडें फोडणें, खणणें, स्वयंपाक यांसारखीं अंगमेहनतीचीं; आणि अखेर बाहेरच्या जगांत पुनः जाणें येणें. रोजच्या दिवसाची हकीकत रोग्यानें वहींत लिहावी आणि वैद्यानें ती वाचून त्यांत शेरे लिहावेत असा प्रघात होता. गंमत अशी कीं, "आज माझें डोकें फार दुखलें" या ओळीकडे वैद्य मुद्दाम दुर्लक्ष करी. "आज मीं भाजीचे वाफे शिंपिले" या ओळीकडे मात्र लक्ष देई. हें निष्ठुरपणानें नव्हे, तर लक्षाचा ओघ लक्षणांकडून कामाकडे वळावा म्हणून. आज अशा रीतीनें रुग्णालयांत राहून उपचार घेणारे थोडे. बहुतेक रोगी घरीं राहून वैद्याकडे जाऊन येतात.

या सर्वांत मला सर्वांत मोलाचा वाटलेला विचार निराळाच आहे. मोरिता म्हणत कीं, भीति व इच्छा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. ज्याला चांगलें जगण्याची उत्कट इच्छा, त्यालाच मरणाचें भय अधिक. ज्याला लोकांच्या उपयोगी पडावेसें वाटतें, त्यालाच लोकांपुढें चुकण्याची लाज अधिक. ज्या मुलाला वाचनाची यत्किंचितही पर्वा नाहीं, तो वाचतांना कांपत नाहीं. तेव्हां भीति समूळ उपटून टाकूं म्हटलें तर तिच्याबरोबर इच्छाही उपटली जाईल. भीतीला विचारावयाचा प्रश्न "तूं केव्हां जाशील?" हा नव्हे, "तुझ्यामागें कोणती इच्छा उभी आहे?" हा होय. अलीकडे, १९८० नंतरच्या काळांत, अमेरिकेंत स्टीव्हन हेज नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जी उपचारपद्धति तयार केली तींतही हाच धागा आहे. १९७८ सालीं आपल्याच विभागाच्या एका सभेंत भीतीनें वाचा बंद पडल्याचा अनुभव हेज यांनीं स्वतःच सांगितला आहे. मनुष्याला जें मोलाचें वाटतें तें त्याची दिशा आहे असें ते सांगतात. पूर्व दिशेला चालणाऱ्याला "पूर्व" कधीं हातीं लागत नाहीं, पण प्रत्येक पाऊल पूर्वेला पडलें कीं नाहीं हें मात्र सांगतां येतें.

आतां आमच्या शाळेंतील गोष्ट. इयत्ता आठवींतील एक मुलगी. अभ्यासांत चांगली, स्वभावानें अबोल. तिच्या वर्गाकडे प्रातःप्रार्थनेचा शास्त्रपाठ मंगळवारीं असे, आणि तिची पाळी आली कीं त्या सकाळीं तिचें पोट दुखे. तीन पाळ्या अशा गेल्या. तिन्ही वेळां आईची चिठ्ठी आली. पोटदुखी ढोंग नव्हती, हें मी आग्रहानें सांगतों. भीतीनें पोट खरेंच दुखतें. म्हणून पहिली गोष्ट तिच्या आईवडिलांनीं तिला डॉक्टरांना दाखविलें, आणि पोटांत कांहीं विकार नाहीं असें कळलें. दुसरी गोष्ट मीं तिला एकांतीं विचारली : प्रार्थनेच्या दालनांत कोणी चिडवितें कां, कोणाची भीति वाटते कां? कारण खरोखरचा जाच असेल तर जाच थांबविणें हें आमचें काम. अशा मुलाला "भीति असूं दे, पुढें हो" असें सांगणें अन्याय होय. तसें कांहीं नव्हतें. शब्द चुकला तर सारे हसतील, एवढेंच.

त्यावर माझ्या तोंडून सवयीप्रमाणें निघून गेलें, "घाबरूं नकोस." तिनें मान खालीं घातली. नंतर माझ्या लक्षांत आलें कीं, मीं तिला जें तिच्या ताब्यांत नाहीं तेंच करावयास सांगितलें होतें. आतां तिला भीति तर वाटतच होती, पण भीति वाटल्याचा अपराधही तिच्या माथीं आला. दुसऱ्या दिवशीं मीं निराळा प्रश्न केला. "वाचावें असें तुला कधीं वाटतें कां?" बराच वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, "घरीं आजीला मोतीबिंदु आहे सर. रोज संध्याकाळीं मीच तिला वाचून दाखवितें. माझ्याखेरीज कोणाचें तिला नीट ऐकूं येत नाहीं, इतर सगळे भरभर वाचतात."

मला पाहिजे होतें तें मिळालें. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत शब्द पोहोंचावा, ही तिची इच्छा; हंशाची भीति ही तिचीच सांवली. आम्हीं दोघांनीं मिळून चार पायऱ्या ठरविल्या. पहिली, घरीं आजीबरोबर शेजारच्या एका बाईंना बोलावून वाचावें. दुसरी, रिकाम्या दालनांत व्यासपीठावरून वाचावें आणि मी सर्वांत मागच्या बांकावर बसावें. तिसरी, स्वतःच्या वर्गापुढें. चौथी, प्रातःप्रार्थनेंत. प्रत्येक पायरीवर तेंच ४६ वें स्तोत्र, तींच ११ वचनें, म्हणजे पाठ निवडण्याच्या निमित्तानें दिवस वायां जावयाचे नाहींत. पायरी फार उंच असली तर मूल माघार घेतें व माघारीचीच संवय पक्की होते. फार बुटकी असली तर छातींत धडधडही होत नाहीं आणि शिकावयाचें असतें तें शिकणें घडत नाहीं. छाती धडधडावी, पण पाय उचलतां यावा, एवढी उंची नेमकी.

मोरितांच्या वहीवरून मीं तिला एक वही दिली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे "शरीरानें काय केलें", उजवीकडे "मीं काय केलें". डाव्या बाजूचा हिशेब मी विचारणार नाहीं, उजव्या बाजूचा विचारीन, असें ठरलें. शेजारच्या बाईंपुढें वाचल्यानंतर डावीकडे लिहिलें होतें : हात गार, घसा कोरडा. उजवीकडे : ११ वचनें वाचलीं, आजीला सगळें ऐकूं आलें.

दुसऱ्या पायरीवर घोटाळा झाला. रिकाम्या दालनांत तिनें तें सारें स्तोत्र एका मिनिटाच्या आंतच संपविलें. मागच्या बांकावर मला निम्मे शब्दही कळले नाहींत. वहींत मात्र "वाचलें" असें लिहिलेलें. हें वाचणें नव्हतें. हें उभें राहून पळणेंच होतें. भीतींत असतां अशा चोरवाटा मन फार हुशारीनें शोधतें. कोणी पुस्तकांत तोंड खुपसून वाचतो, कोणी दोन्ही हातांनीं मेज घट्ट धरतो, कोणी मैत्रिणीला शेजारीं उभें करतो. बाहेरून काम झालेलें दिसतें, पण आंतून टाळणें चालूच असतें. ओळखावयाची खूण एकच : ही युक्ति कामासाठीं आहे कीं भीति आंवरण्यासाठीं? तिला मीं विचारलें, "आजी मागच्या बांकावर असती तर?" ती हसली आणि म्हणाली, "तिनें मला थांबविलें असतें." मग ठरलें कीं, प्रत्येक वचनानंतर मान वर करून मागच्या बांकाकडे पाहावें आणि मगच पुढचें वचन घ्यावें. पुढच्या खेपेला तिला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला; आवाज कांपला; पण मला शब्द न् शब्द ऐकूं आला.

तिसऱ्या पायरीला दुसरीच अडचण आली. कोणीतरी तिला सांगितलें होतें कीं, दहा वेळां दीर्घ श्वास घेतला म्हणजे भीति जाते. वर्गाबाहेर तिनें दहा श्वास घेतले. भीति गेली नाहीं. आणखी दहा घेतले. मग रडकुंडीस येऊन म्हणाली, "सर, अजून जात नाहीं, आज राहूं द्या." दीर्घ श्वास घेणें वाईट नव्हे, सावकाश श्वास सोडल्यानें अंग थोडें सैल पडतें. पण श्वास ही जर शांतीची चाचणी झाली, आणि चाचणींत उतरल्यावांचून आंत पाऊल टाकावयाचें नाहीं असें ठरलें, तर तोही दाराला लागलेला एक अडसरच होतो. मीं म्हटलें, "न जाऊं दे. तिलाही वर्गांत घेऊन ये." ती आली. ४० मुलांपुढें वाचतांना दोन शब्द अडखळले. एक मुलगा हसला. ती थांबली, तो शब्द पुनः वाचला व पुढें गेली. त्या दिवशीं डाव्या रकान्यांत पांच ओळी होत्या. उजवीकडे एकच : "हसले तरी पुढचें वचन वाचतां येतें."

चौथी पायरी मंगळवारचीच. सकाळीं पोट दुखलें. आईनें चिठ्ठी लिहिली नाहीं. तिच्याकरितां तो दिवस मुलीपेक्षां कठीण होता असें त्या माउलीनें मला नंतर सांगितलें. मुलीनें ११ ही वचनें वाचलीं. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेंतल्या शिपायानेंही ऐकला. भीति गेली कां? नाहीं. त्यानंतर दोन पाळ्या झाल्या, दोन्हीं वेळां हात गार पडले; मात्र धडधड पूर्वीपेक्षां लवकर उतरूं लागली असें ती सांगते. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुढें गेल्यानें भीति पुष्कळदां कमी होते, पण ती कमी व्हावी म्हणून पुढें जाऊं लागलों, तर आपण पुनः तिच्याच नाडीवर बोट ठेवून बसतों. एखाद्या दिवशीं ती अधिक आली म्हणजे मग सारें फुकट गेलें असें वाटतें. म्हणून उजवा रकाना आधीं लिहावा. डावा राहिला तरी चालेल.

आमच्या ख्रिस्ती घरांत या बाबतींत आणखी एक ओझें मुलांवर पडतें, तें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. "तुझा विश्वास खरा असता तर तुला भीति वाटली नसती," असें पुष्कळ सद्भावी माणसें मुलांना म्हणतात. त्यांनीं करिंथकरांस लिहिलेलें पहिलें पत्र काढून पाहावें. आपण त्या नगरांत अशक्तपणांत व कांपत कांपत आलों होतों, हें पौल तेथें स्वतः कबूल करतो, आणि तरी तो गेला व बोलला. मोशानें तर आपली जीभ जड असल्याची सबब देवापुढें मांडली; जीभ हलकी झाल्याचें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं, सोबतीला भाऊ मिळाला आणि जावें लागलेंच. गेथशेमाने बागेंतील रात्रींविषयीं मी अधिक लिहीत नाहीं. मूल प्रार्थना करील तर अवश्य करूं द्यावी. पण "भीति घालव, म्हणजे मी वाचीन" अशी अट प्रार्थनेंत शिरली आहे कीं काय, हें वडिलांनीं हळुवारपणें पाहावें.

पालकांना दोन शब्द. मूल रात्रीं दहा वेळां विचारतें, "उद्यां कांहीं होणार नाहीं ना?" आणि आपण दहा वेळां सांगतों, "नाहीं रे बाळा." अकराव्या वेळीं तें पुनः विचारतें, कारण प्रत्येक उत्तराबरोबर त्याला पळभर आराम मिळतो व प्रश्न विचारण्याची संवय दृढ होते. एकदां उत्तर द्यावें, दुसऱ्यांदां म्हणावें, "भीति वाटते आहे ना? मलाही दिसतें. चल, उद्यांचें दप्तर भरूं." रागें भरूं नये, लाज देऊं नये, आणि बळजबरीनें ओढूं तर मुळींच नये, पायरी मुलानें स्वतः मान्य केलेली असली पाहिजे, नाहींतर ती त्याची न राहतां आपली होते. मुलाला काय मोलाचें वाटतें हें आपण सांगावयाचें नसून त्याच्याकडून ऐकावयाचें असतें, आणि तें ऐकण्यास मला तरी एका दिवसाहून अधिक वेळ लागला.

शेवटीं या उपायाची मर्यादा. मोरितांनीं आपली पद्धति सर्व मनोविकारांसाठीं सांगितली नाहीं. जीं माणसें हळवीं, स्वतःचेंच परीक्षण करीत बसणारीं, पण कांहीं करून दाखविण्याची तीव्र इच्छा असलेलीं, त्यांच्यासाठीं ती होती. मूल कित्येक आठवडे शाळेंतच येत नसेल, झोप व अन्न सुटलें असेल, आवडीच्या खेळांतही मन रमत नसेल, किंवा "मी नसतों तर बरें" असें त्याच्या तोंडून निघालें असेल, तर वही व पायऱ्या यांत दिवस न घालवितां त्याला त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. तेथें जाण्याचीही मुलाला भीति वाटेल, आणि कदाचित् आपणांसही वाटेल.